पाण्याचा वार, विजेचा गुरुवार

पिंपरी-चिंचवडमध्ये 25 नोव्हेंबर 2019 पासून पाणी दिवसाआड येते. पवना धरण भरले तरी दिवसाआड, पावसाळा संपला तरी दिवसाआड. महावितरण देखभाल-दुरुस्तीसाठी या भागात बहुधा गुरुवार निवडते. प्रत्येक गुरुवारी प्रत्येक फीडर बंद नसतो, पण बंद असला की सकाळपासून दुपार उलटेपर्यंत वीज नसते. पाण्याचे वेळापत्रक एका कार्यालयात ठरते, विजेचे दुसऱ्या. दोन्हींचा मेळ घालण्याचे काम घरातल्या बाईवर येते. त्याचा मोबदला नाही आणि त्याची नोंदही कुठे नाही.

हा मेळ घालायचा तर आधी एक साधा हिशेब लक्षात घ्यावा. पाणी दर दोन दिवसांनी, गुरुवार दर सात दिवसांनी. म्हणजे पाण्याचा दिवस आणि गुरुवार बरोबर चौदा दिवसांनी एकत्र येतात. पाळी चुकली नाही तर एक गुरुवार पाण्याचा, पुढचा कोरडा, त्याच्या पुढचा पुन्हा पाण्याचा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर हे गुरुवार महिनाभर आधी खुणावून ठेवता येतात. अडचण फक्त पाण्याच्या गुरुवारची असते. कोरड्या गुरुवारी वीज गेली तरी पाणी आदल्या दिवशीच भरलेले असते.

आता आपल्या नळाला येते किती, हे मोजावे. पंधरा लिटरची बादली नळाखाली धरावी आणि घड्याळ पाहावे. समजा ती सव्वा मिनिटात भरली, तर मिनिटाला बारा लिटर झाले. पाणी सकाळी साडेनऊ ते अकरा येत असेल, तर नव्वद मिनिटांत 1080 लिटर. घरात पाच माणसे, पाणी पुरवायचे दोन दिवस. माणशी रोज 108 लिटर पडले. मलनिस्सारण व्यवस्था असलेल्या शहरासाठी सरकारी मापदंड माणशी 135 लिटरचा आहे. कपडे एकाच दिवशी का धुवायचे आणि मशीनचे शेवटचे पाणी फरशीला का ठेवायचे, हे या तफावतीतून कळते. मोजणी सुरुवातीला आणि शेवटी अशी दोनदा करावी, कारण सगळ्यांचे नळ चालू झाले की दाब उतरतो.

पाण्याच्या गुरुवारची तयारी बुधवारी रात्री होते. जमिनीखालच्या टाकीत पाणी स्वतःच्या दाबाने येते, त्याला वीज लागत नाही. वीज लागते ती ते गच्चीवर चढवायला. म्हणून बुधवारी झोपण्यापूर्वी मोटर लावून गच्चीवरची टाकी काठोकाठ भरावी. याचे दोन फायदे. दिवसभर वीज नसली तरी न्हाणीघरात पाणी राहते आणि खालची टाकी रिकामी झाल्यामुळे गुरुवारचे पाणी पूर्ण घेता येते. खालची टाकी अर्धी भरलेली असेल, तर बॉल कॉक अर्ध्या वेळेतच बंद होतो आणि आपल्या वाट्याचे पाणी नळापर्यंत येऊनही हाती लागत नाही. वाटण, इस्त्री, आरओची टाकी भरणे हीसुद्धा बुधवारची कामे. आरओला वीज आणि पाणी दोन्ही एकाच वेळी लागतात. त्यातून बाहेर पडणारे पाणी बादलीत धरावे; ते बहुधा गाळलेल्या पाण्यापेक्षा जास्त असते आणि फरशीला पुरते.

वीज गेली की मोटरचे बटण आठवणीने बंद करावे. ते चालू राहिले, तर वीज आल्यावर मोटर आपोआप सुरू होते आणि खालची टाकी रिकामी असेल तर कोरडी फिरून तिचे सील जळते. वीज आल्याआल्याही घाई नको. सगळ्या घरांच्या मोटरी एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज पडते. दिवा मिणमिणत असेल किंवा मोटर नुसतीच गुणगुणत असेल, तर ती लगेच बंद करून पाव तास थांबावे.

पाणी भरण्याचा क्रमही ठरलेला हवा. आपल्याकडे नळ आला की पहिला हंडा पिण्याचा भरतात. हे चूक आहे. दोन दिवस रिकामी राहिलेली जलवाहिनी सांध्यांतून, भेगांतून आजूबाजूची घाण आत घेते. शेजारून गटार जात असेल, तर तेच पाणी सुरुवातीला नळातून येते. पहिली पाच-दहा मिनिटे संडास-न्हाणीचे पिंप भरावे, पाणी स्वच्छ आणि वासरहित झाल्यावर पिण्याचे घ्यावे. पाणी दिसायला स्वच्छ झाले म्हणजे निर्जंतुक झाले असे नाही, म्हणून पावसाळ्यात ते उकळावेच. नळाच्या जोडणीवर थेट मोटर लावणारे ही घाण आणखी जोराने ओढतात, स्वतःच्या घरातही आणि शेजाऱ्याच्याही. ती मोटर बेकायदा आहे आणि ती जप्त झाली तर मला त्याचे वाईट वाटणार नाही.

नवे पाणी आले म्हणून परवाचे ओतून देण्याची सवय मात्र सोडायला हवी. झाकलेले पाणी दोन दिवसांत खराब होत नाही. पिण्याचे बदलायचेच असेल, तर जुने कपड्यांना वापरावे. उघड्या पिंपाची गोष्ट वेगळी. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा पिंप रिकामे करून, आतून घासून, वाळवले की ही साखळी तुटते. दर आठवड्याला एका पाण्याच्या दिवशी, नवे पाणी येण्यापूर्वी, सगळी पिंपे एकेक करून घासून घेता येतात.

इथपर्यंत सगळे घरात जमते. पुढचे जमत नाही. रावेतच्या उपसा केंद्राची वीज गेली किंवा दुरुस्तीसाठी उपसा थांबवला की शहराच्या मोठ्या भागाचे पाणी थांबते. नोटिशीत लिहिलेले असते, गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी कमी दाबाने येईल. आता वरचेच घर घ्या, शुक्रवार त्याच्या पाळीचा नाही. मंगळवारी 1080 लिटर भरले, गुरुवारची पाळी बुडाली, पुढची पाळी शनिवारी. दोन दिवसांचे पाणी चार दिवस पुरवायचे, म्हणजे माणशी रोज 54 लिटर. कार्यालयाच्या कागदावर एक दिवसाचे काम असते, घरात चार दिवसांची टंचाई होते. ज्यांच्याकडे दोनच पिंपे आहेत, त्यांच्यासाठी वरचे सगळे नियोजन निरुपयोगी आहे. त्यांना टँकरच्या रांगेत उभे राहावे लागते आणि त्या दिवसाची मजुरी बुडते.

म्हणून मागणी स्पष्ट आहे. पालिका आणि महावितरण यांनी प्रत्येक प्रभागाचे एकच संयुक्त वेळापत्रक पंधरवडाभर आधी जाहीर करावे. ज्या भागात ज्या गुरुवारी पाणी आहे, तिथे फीडरची दुरुस्ती पुढच्या, कोरड्या गुरुवारी ठेवावी. त्यासाठी नवा पैसा लागत नाही, दोन कार्यालयांनी एकमेकांना फोन करावा लागतो. आणि बुडालेली पाळी दुसऱ्याच दिवशी भरून द्यावी, शनिवारवर ढकलू नये. आपल्या नगरसेवकाला या तीन गोष्टी लेखी द्या आणि अर्जाची पोच घ्या. बाईने बुधवारी रात्री टाकी भरून आपले काम केलेले आहे. आता कार्यालयांनी आपले करावे.