वर्षाची फी, तीन आठवड्यांचा योग

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कोथरूडच्या कुठल्याही छोट्या योग स्टुडिओत डोकावा. चपला जिन्यापर्यंत आलेल्या असतात. महिन्याचे बाराशे की वर्षाचे नऊ हजार सहाशे, असा प्रश्न पडतो आणि चार महिने फुकट मिळाल्याच्या आनंदात माणूस वर्षाचे भरून टाकतो. असे चाळीस जण भरतात आणि तीन लाख चौऱ्याऐंशी हजार खात्यात पडतात. मालकीणबाईंना वाटतं, धंदा चालला.

चालला म्हणजे मे संपेपर्यंत. हॉलचं भाडं ३५ हजार. ट्रेनरला बॅचमागे ४००, रोज तीन बॅचेस, महिन्याचे सव्वीस दिवस, म्हणजे ३१,२००. वीजबिल, झाडलोट, किरकोळ धरून महिन्याला ७५ हजार सहज जातात. पाच महिन्यांत पैसे संपले, आसनं मात्र अजून सात महिन्यांची द्यायची आहेत. बाईंचा स्वतःचा पगार यात धरलेला नाही. त्यांनीही तो कधी धरला नाही.

मोठ्या जिमला न येणारा सभासद सोन्यासारखा. अमेरिकेतल्या दोन अर्थतज्ज्ञांनी २००६ साली दाखवून दिलं, की दरमहा सत्तर डॉलरहून जास्त भरणारे लोक महिन्यातून सरासरी चारेक वेळाच जिमला जात. दर खेपेला दहा डॉलर मोजले असते तर स्वस्तात सुटले असते. मोठ्या जिमला अशा गैरहजेरीवर हजारोंची भरती करता येते. वीस मॅट्सच्या हॉलमधून गळालेला माणूस मात्र पुढच्या जानेवारीत फी भरत नाही, आणि शेजारणीलाही पाठवत नाही.

गळती एका दिवसात होत नाही. पाच दिवस येणारी तिसऱ्या आठवड्यात दोन दिवस येते. मग ‘ताई, पाहुणे होते’. मग मॅट न्यायला नवरा येतो. फोन करायचा तो पाहुण्यांच्या वेळी. मॅट गेल्यावर केलेला फोन वसुलीचा वाटतो.

इकडे सकाळी सहाच्या बॅचला वीसच्या जागी आठ उरले, तरी ट्रेनरचे ४०० ठरलेले. हॉल रिकामा असतो तेव्हा अकराची बॅच सुरू करा, असं सगळे सुचवतात. येत कुणीच नाही. ट्रेनरला थोडं मूळ मानधन आणि वर हजेरीप्रमाणे काही दिलं, तर फोन तोच करेल. पण मग ते आठही जण त्याचेच होतात, आणि त्याच्या सोसायटीचं क्लबहाऊस सकाळी रिकामंच असतं.

वार्षिक फीचा दर महिन्याला बारावा हिस्साच खर्चायचा, हा उपाय बाईंना ठाऊक आहे. फक्त तो केला तर महिन्याला बत्तीस हजारच हातात येतात, आणि भाडं पस्तीस आहे. म्हणून २१ जूनच्या योग दिनाचा फ्लेक्स लागतो: वार्षिक सदस्यत्वावर आणखी सूट.