महाराजांची दरखास्त

नागपूर-वर्धा रस्त्यावरील आमच्या सेलूसारख्या तालुक्याच्या गावी, ज्यांना आडनावाने कोणी ओळखत नाही, ज्यांच्या वयाची चौकशी करण्याचे कोणास धाडस होत नाही, आणि ज्यांना सवड नसेल तर ठरलेल्या लग्नाची तिथीसुद्धा निमूटपणे पुढे सरकते, असे जे एक सर्वमान्य गृहस्थ असतात त्यांना महाराज म्हणतात. त्यांचे राज्य मांडवामागच्या तीन भट्ट्यांपुरते आणि प्रजा म्हणजे कांदे चिरणाऱ्या चार बाया व पाणी भरणारा एक पोऱ्या. परंतु त्या हद्दीत वधूपित्याचाही हुकूम चालत नाही. हातात झारा हा त्यांचा राजदंड आणि खांद्यावरचा दुपट्टा हे राजवस्त्र. या दुपट्ट्याने ते कपाळाचा घाम टिपतात, उकळता गंज उतरवितात, ताटाची कड पुसतात, माश्या वारतात आणि काम सरल्यावर तोच उशाशी घेऊन मांडवातच आडवे होतात. एवढ्या बहुविध उपयोगाचे दुसरे साधन मानवी संस्कृतीने निर्माण केले असेल, असे मला वाटत नाही.

असे एक महाराज फाल्गुनातल्या एका सायंकाळी माझ्या ओसरीवर आले ते अर्जदाराच्या मुद्रेने. लग्नकार्ये अलीकडे नागपूरच्या केटररांच्या ताब्यात जाऊ लागली होती, गुडघे कुरकुरत होते, आणि वर्धा मार्गावरील एका हॉटेलास मराठी पदार्थांचा मुख्य आचारी पाहिजे असल्याची जाहिरात त्यांच्या भाच्याने त्यांना वाचून दाखविली होती. भाच्याने अर्जही लिहून दिला होता, तो इंग्रजीत. त्याचा तर्जुमा मी मोठ्याने केला: अर्जदार अत्यंत उत्साही, ध्येयनिष्ठ, संघभावनेने काम करणारा व पाककलेविषयी अंतःकरणात ज्वलंत ओढ असलेला इसम आहे. महाराजांनी हे सर्व डोळे मिटून ऐकले आणि म्हणाले, “मास्तर, याच्यात सैपाक कोठी आहे?”

सैपाक नव्हताच. अर्ज कोण्याही कचेरीतल्या कारकुनाला चालला असता. मी तो बाजूला ठेवला, कोरा कागद घेतला आणि त्यांना बोलते करू लागलो. पण हा पिंडच असा, की स्वतःविषयी विचारले तर मुका होतो. “मले कागदावर सांगता येत नाही, गंजापाशी सांगता येते,” एवढेच त्यांचे म्हणणे. अखेर मी विचारले, “समजा, उद्या तुम्हांला त्या हॉटेलाच्या गंजापाशी उभे केले, तर प्रथम काय कराल?”

“पह्यले हे फाडीन,” असे म्हणून त्यांनी खिशातून त्या हॉटेलचे छापील मेन्यूकार्ड काढले. त्यात मराठी पदार्थांच्या सदराखाली जवळजवळ दोन पाने भरली होती. त्यानंतर महाराजांनी माझी लाल पेन्सिल घेऊन जी काटछाट केली, ती करताना त्यांच्या चेहऱ्यावर एखाद्या जमाबंदी अधिकाऱ्याची निर्विकारता होती. अर्जातील पहिले कलम तेथे सिद्ध झाले, आणि ते मी त्यांच्याच विचाराने पण माझ्या भाषेत असे उतरविले: “पदार्थांची यादी ग्राहकाच्या जिभेवरून नव्हे, तर कोठीतल्या जिनसांवरून मांडावी असा अर्जदाराचा रिवाज आहे. कांदा, सुके खोबरे व खसखस भाजून केलेले एकच वाटण सकाळी सिद्ध असले, म्हणजे त्यावर पाटवडीचा रस्सा, भरली वांगी व शेवभाजी असे तीन पदार्थ निभावतात. ज्या पदार्थासाठी एखादी जिन्नस केवळ त्याच्यापुरतीच आणून ठेवावी लागते, तो पदार्थ यादीत ठेवल्यास ती जिन्नस कुजते, आणि न कुजल्यास ग्राहकाच्या पोटात जाऊन कुजते.” शेवटचे वाक्य त्यांचे जसेच्या तसे आहे, ते गाळण्याचा मोह मी आवरला.

पाटवडीपाशी ते विशेष रेंगाळले. बेसनाच्या एका मापास पाण्याची दीड ते पावणेदोन मापे, फोडणीच्या उकळत्या पाण्यात पीठ पडताच हात थांबता कामा नये, घट्ट झाल्यावर वाफ, मग तेल लावलेल्या परातीत थापणे आणि निवल्यावर चौकोन पाडणे. येथवर कोणीही गृहिणी सांगेल. महाराजांचे ज्ञान याच्या पुढे सुरू होते. वड्या सकाळी करून ठेवल्या तरी झाकणाखाली, थंड जागी, रात्रीपर्यंत बिघडत नाहीत. रस्साही आचेवर टिकतो. परंतु दोहोंची गाठ पडली की घटकाभरात वडी रस्सा पिऊन फुगते आणि ताटात पिठले जाते. म्हणून हॉटेलात ती गाठ वाढण्याच्या क्षणीच पडली पाहिजे. लग्नाच्या पंगतीत सर्वांना एकाच वेळी वाढायचे असते, तेथे हे भान कोणी ठेवत नाही. हॉटेलात प्रत्येक टेबलाची पंगत वेगळ्या वेळी बसते. हा भेद उमगल्यामुळेच हे महाराज मांडवातून मुदपाकखान्यात जाण्यास लायक आहेत, असा माझा तरी अभिप्राय झाला.

गर्दीच्या कलमावर त्यांनी जो हिशेब सांगितला, तो ऐकून आमच्या शाळेतला गणिताचा शिक्षक चमकला असता. ज्वारीची भाकरी आयत्या वेळीच थापावी लागते. भट्टीवर तव्याच्या चार जागा. भाजणे आणि फुगविणे धरून एका खेपेस तीन मिनिटे. आठ टेबलांकडून प्रत्येकी तीन भाकऱ्यांच्या मागणीची केओटी चिठ्ठी एकदम आली, म्हणजे चोवीस भाकऱ्या, सहा खेपा, अठरा मिनिटे. “रस्सा कितीबी झन्नाट असो, मास्तर, आठव्या टेबलाचा गिऱ्हाईक अठरा मिनिटं तवा पाहत बसते.” यावर भाकरी करणारा आणखी एक माणूस ठेवावा हे मॅनेजरला सुचणारे उत्तर, महाराजांचे उत्तर निराळे. माणूस वाढला तरी तवे चारच राहतात. म्हणून पाटवडीच्या ताटात दोनच भाकऱ्या ठेवून सोबत भाताची मूद द्यावी. मग त्याच गर्दीला सोळा भाकऱ्या, चार खेपा आणि बारा मिनिटे लागतात. शिवाय केओट्यांना आल्या त्या क्रमाने सरसकट भिडू नये; एकाने त्या मोठ्याने वाचून भाकरीचा आकडा आधी तव्याकडे द्यावा, आणि भाकरी उलटली की मगच रस्सेवाल्याने आपला ओगराळा उचलावा, म्हणजे दोन्ही वस्तू एकाच वेळी ताटात येतात. फ्रान्सच्या एस्कॉफिए नावाच्या आचाऱ्याने लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात १८९० नंतर प्रत्येक कामाचा माणूस व जागा वेगळी लावून दिली आणि युरोपातल्या मुदपाकखान्यांना शिस्त आणली, हे मी त्यांना सांगितले. महाराजांनी विचारले, “त्याले भाकरी येत होती का?”

स्वच्छतेचे कलम मात्र नाजूक होते. कारण ते लिहिताना दुपट्टा माझ्या नजरेसमोर होता. मी धीर करून विषय काढला. बराच वेळ ते बोलले नाहीत. मग दुपट्टा खांद्यावरून काढून त्यांनी त्याची मांडीवर घडी केली आणि सांगितले की लिहा: भांडे उतरवायला जाड कापड वेगळे, ताट पुसायला धुतलेले कापड वेगळे, हात पुसायला कापडच नको, कागद. त्यागाचा हा प्रसंग मी अर्जात एका कोरड्या वाक्यात बसविला, याची मला अजून रुखरुख लागते.

चव घेण्याचाही प्रश्न निघाला. देवाचा नैवेद्य जाण्याआधी अन्न उष्टावायचे नाही, या धाकात वाढलेले हे महाराज मीठ जिभेने नव्हे तर वाफेच्या वासाने ओळखतात, अशी गावात ख्याती; हॉटेलात मात्र पदार्थ चाखल्याशिवाय बाहेर जाऊ देत नाहीत. दोहोंचा मेळ त्यांनी आधीच घालून ठेवला होता. गंजातला चमचा तोंडाला लावायचा नाही. त्याने वाटीत थेंबभर काढायचे, दुसऱ्या चमच्याने चाखायचे, आणि तो चमचा धुण्यात टाकायचा. “देवाचंबी राह्यते अन् सायबाचंबी,” ते म्हणाले.

परंतु त्यांचे खरे पांडित्य भातावर प्रकट झाले. शिजलेला भात गंजातच झाकून ठेवला आणि दुपारचा रात्री गरम करून वाढला, तर त्याला ना वास येतो ना आंबटपणा. तरीही खाणारा दोन-चार तासांत ओकू लागतो. तांदळाबरोबर आलेले एका जंतूचे बीज उकळीनेही मरत नाही, कोमट भातात ते रुजते, आणि त्याने सोडलेले विष नंतर कितीही तापविले तरी जात नाही. ही गोष्ट पुस्तकात आहे. महाराजांना ती कोण्या एका लग्नातल्या वऱ्हाडाच्या हालांवरून कळली होती. ते लग्न कोणाचे, हे त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. उरलेला भात साधारण दोन तासांत कोमटपणाच्या पलीकडे नेऊन शीतकपाटात घालावा, हा नियम भाच्याने अर्जासोबत दिलेल्या वहीतही होता. तो मी लिहून घेत असता महाराजांनी मला थांबविले.

“वैशाखात सेलूत खोलीत पारा किती असते, मास्तर?”

पंचेचाळीसच्या आसपास, मी म्हणालो.

“मंग भात खोलीत ठेवून निवन कसा?”

भाच्याच्या वहीत हे नव्हते. ज्या खोलीत हवाच जंतूंना मानवेल इतकी ऊबदार, तेथे भात परातीत पसरून वारा घातला तरी तो पुरेसा निवत नाही. म्हणजे उन्हाळ्यात आमच्या वऱ्हाड-नागपूरकडचे ‘निवायला ठेवणे’ हे जंतूंना निमंत्रण देण्यासारखेच आहे. महाराजांची युक्ती अशी की परातीत भाताचा थर दोन बोटांहून उंच ठेवायचा नाही, परातीचा तळ बर्फाच्या पाण्यात बुडेल अशी ती दुसऱ्या पसरट भांड्यात बसवायची, मधूनमधून उलथन्याने खालवर करायचे, आणि वाफ गेली की झाकून, तारीख-वेळेची चिठ्ठी लावून आत टाकायचे. दुसऱ्या दिवशीही शिल्लक राहिला तर टाकून द्यायचा. हे कलम अर्जात सर्वांत लांब झाले. मी ते आखूड करण्याचा प्रयत्न केला, तेव्हा महाराजांनी बाकीची कलमे आखूड करण्याचा सल्ला दिला.

अपेक्षित वेतनाच्या रकान्यात त्यांनी ‘दर पानास’ असे लिहावयास सांगितले. फार समजावल्यावर ‘समक्ष’ यावर तडजोड झाली. आणि सही करण्यापूर्वी एक ताजा कलम त्यांनी आग्रहाने घालायला लावला: अक्षय्यतृतीयेच्या सुमारास तीन घरची कार्ये आधीच कबूल केली असल्याने त्या दिवसांत अर्जदारास रजा मिळावी. नोकरी लागण्यापूर्वी रजेचा अर्ज करणारा इसम मी आयुष्यात प्रथमच पाहिला.

हॉटेलचे उत्तर आठवड्याच्या आत आले. रविवारी रात्रीच्या गर्दीला प्रत्यक्ष काम करून दाखवावे. रजेविषयी एक शब्द नाही, वेतनाविषयी नाही, पाटवडीविषयीही नाही. खाली मॅनेजरने शाईने एकच प्रश्न लिहिला होता: बर्फ रोज किती लागेल? महाराजांनी कागद डोळ्यांजवळ नेऊन ती ओळ दोनदा वाचली आणि म्हणाले, “भात दहा किलो उरला तं बर्फ पाच किलो, अन् उन्हाळ्यात वरून दोन किलो वितळण्याचे. पण त्यायले इचारा, रोज दहा किलो भात उरतेच काऊन?”