दाण्यांचा हिशेब, चोथ्याचा नाही

पँट्रीत सामायिक कॉफी मशीन मागणाऱ्या ईमेलमध्ये हिशेब दाण्यांचा असतो. कपाला साधारण 10 ग्रॅम दाणे. किलोला हजार रुपये धरले तर कप 10 रुपयांत पडतो, आणि ॲडमिनचे मन वळवायला एवढे पुरते. 100 मिली दुधाचे 6-7 रुपये 'इतर खर्चा'त जातात. देखभालीला एकच ओळ: 'सर्वांनी मिळून'. प्रत्यक्षात दुधाची नळी रोज धुवावी लागते, नाहीतर दुसऱ्या दिवशी फेस कमी आणि वास जास्त. चोथ्याचा ट्रे भरला की मशीन अडून बसते. मग प्रस्तावाला अनुमोदन देणारे सगळे चहाकडे वळतात. बोअरच्या जड पाण्याने आत क्षार साचून धार बारीक झाली, की डीस्केलिंगच्या पावडरीसाठी दुसरा ईमेल निघतो.