सूचक, अनुमोदक आणि आप्पा

आमच्या विकास सोसायटीत भांडण अहिराणीत होतं आणि ठराव मराठीत होतो. या दोन्हींच्या मधे आप्पा बसतात.

आप्पा गटसचिव. पारोळा आणि धुळ्याच्या दरम्यानच्या तीन गावांच्या सोसायट्या त्यांच्याकडे आहेत. मोटारसायकलच्या पिशवीत तीन गावांची तीन प्रोसिडिंग बुकं, तीन रंगांच्या फडक्यांत बांधलेली. आमच्या गावाचं फडकं हिरवं. चेअरमनच्या लग्नातल्या पागोट्याचं उरलेलं कापड आहे, असं गावात बोलतात. आप्पांना विचारलं तर ते म्हणतात, "तसा ठराव नाही." ठराव नसलेली कुठलीच गोष्ट आप्पा मान्य करत नाहीत, स्वतःचं लग्नसुद्धा. बायकोकडच्यांनी होकार दिला तेव्हा त्यांनी सासऱ्यांना विचारलं होतं म्हणे, "अनुमोदक कोण?"

सभा सुरू झाली की आप्पा एक रफ वही काढतात. मधे कोण काय बोललं ते पेन्सिलीने टिपायचं, उठण्याआधी निर्णय मोठ्याने वाचून दाखवायचा आणि त्याच रात्री पक्क्या बुकात शाईने उतरवायचा. पक्कं बुक बांधणीचं, प्रत्येक पानावर क्रमांक. मधे ओळ सुटली तर तिरकी रेघ. शब्द चुकला तर एकच आडवी रेघ, खालचा शब्द वाचता आला पाहिजे, आणि बाजूला सही. पांढरी शाई आप्पांनी घरातसुद्धा ठेवलेली नाही. "पुसलेला शब्द ऑडिटरला आधी दिसतो," असं ते म्हणतात, आणि ते खरं आहे.

तुम्ही आप्पांना सभेत पाहिलं असतं तर वाटलं असतं, हा माणूस झोपलाय. समोर गदारोळ चाललेला. कोणी म्हणतोय, "पत्रा टाकना पडतीन." दुसरा म्हणतोय, "पैसा कोन भरी?" तिसरा मागच्या निवडणुकीतलं काढतोय, चौथा म्हणतोय, "तुम्हनं काय जास?" आप्पा डोळे मिटून बसलेले. अर्धा तास झाला की डोळे उघडतात आणि वहीत लिहितात : 'विषयावर साधकबाधक चर्चा झाली.' पत्र्यांवरून सुरू होऊन कोणाच्या तरी आजोबांपर्यंत गेलेलं सगळं त्या चार शब्दांत मावतं. आम्ही मात्र प्रत्येक वेळी मान वळवून बघतो, आपलं नाव त्यात आलं का.

आप्पांचा खरा छंद सूचक आणि अनुमोदक. आमच्या तेरा संचालकांपैकी नऊ जण पाटील. त्यामुळे 'सूचक : श्री. पाटील' असं लिहिलं तर अर्ध्या गावाने सूचना मांडली असा अर्थ होतो. आप्पा नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं पूर्ण लिहितात आणि त्याची फोड करून सांगतात : सूचक म्हणजे 'हे करा' म्हणणारा, अनुमोदक म्हणजे 'हो, करा' म्हणणारा. दोघेही त्या दिवशी त्या खोलीत बसलेले हवेत. उद्या कोणी विचारलं की हे कोणाला हवं होतं, तर बोट दाखवायला किमान दोन जिवंत माणसं पाहिजेत.

ही अक्कल आप्पांना एका फजितीतून आली. पूर्वी ते सवयीने लिहायचे. एका गृहस्थाचं नाव अनुमोदनाला नेहमीचंच होतं, इतकं की लोक त्याला 'अनुमोदक' म्हणूनच हाक मारायचे. एकदा ऑडिटर आला. त्याने ठराव वाचला नाही, सरळ उपस्थितीच्या सह्या बघितल्या. अनुमोदकाची सही नाही. "हे गृहस्थ कुठे होते?" चेअरमन भोळेपणाने म्हणाले, "सुरतला, मुलीच्या सासरी." ऑडिटरने लिहिलं : अनुपस्थित संचालकाचे अनुमोदन नोंदविले आहे. दोषदुरुस्ती अहवालात काय लिहायचं यावर आमची सभा झाली. एकाने सुचवलं, 'सदर संचालक मनाने उपस्थित होते' असं लिहा. आप्पांनी तेवढ्यात एका हाताने वही बंद केली. त्या दिवसापासून ते प्रत्येक विषयाला विचारतात, "सूचक कोण?" आणि कोणी बोलेपर्यंत थांबतात. एकदा साडेचार मिनिटं थांबले होते. शेवटी चहावाल्या पोराने हात वर केला.

आता गोदामाच्या पत्र्यांची गोष्ट. मृगाआधीच्या वादळात आमच्या खत गोदामाचे बावीस पत्रे उडाले. काही शेजारच्या शेतात सापडले, दोन एका संचालकाच्या गोठ्यावर बसवलेले सापडले, पण तो वेगळा विषय. चेअरमन नानांना हे काम 'आयत्या वेळच्या विषयांत' उरकायचं होतं. आप्पा म्हणाले, "नाना, खर्चाचा विषय अजेंड्यावर हवा. आयत्या वेळचं म्हणजे अभिनंदन आणि श्रद्धांजली." तो अजेंड्यावर आला, विषय क्रमांक चार. सीलबंद दरपत्रकं सभेत फोडली : एकसष्ट हजार चारशे, अठ्ठावन्न हजार सातशे पन्नास, चौसष्ट हजार. सगळ्यात कमी मधलं. थोरल्या पाटलांनी सूचना मांडली, धाकट्यांनी मान हलवली. आप्पा म्हणाले, "मान प्रोसिडिंगला चालत नाही. तोंडाने म्हणा." धाकटे म्हणाले, "अनुमोदन!" इतक्या जोरात की बाहेरची कुत्री भुंकली. झालं.

इतक्यात महिला राखीव जागेवरच्या आक्का बोलल्या. आक्का सभेला स्वतः येतात, नवऱ्याला पाठवत नाहीत, त्यामुळे बऱ्याच जणांची गैरसोय होते. त्या म्हणाल्या, "पत्रा कितला जाडा शे, ते कोठे लिखेल शे?"

शांतता. तिन्ही कागद पुन्हा बघितले. एकावर जाडी अर्धा मिलिमीटर लिहिलेली. बाकी दोन्हींवर नुसतं 'चांगला पत्रा'. म्हणजे तीन दर तीन वेगळ्या वस्तूंचे. नाना म्हणाले, कमी दर तो कमी दर. हात वर झाले, नऊ विरुद्ध एक. आप्पांनी त्या रात्री पक्क्या बुकात लिहिलं ते असं :

'ठराव क्र. ४. विषयान्वये सभेत चर्चा झाली. वादळात संस्थेच्या खत गोदामाचे २२ पत्रे उडाले असून पावसाळ्यापूर्वी दुरुस्ती न झाल्यास खतसाठ्याचे नुकसान होईल, असे सचिवांनी सभेच्या निदर्शनास आणले. प्राप्त तीन दरपत्रके सभेत उघडण्यात आली. त्यापैकी सर्वात कमी दराचे, मजुरी व वाहतुकीसह रु. ५८,७५० (अक्षरी रुपये अठ्ठावन्न हजार सातशे पन्नास फक्त) मंजूर करण्यात येत आहे. सदर खर्च इमारत दुरुस्ती या शीर्षाखाली, वार्षिक सभेने मंजूर केलेल्या अंदाजपत्रकातील तरतुदीतून करावा. काम पूर्ण झाल्यावर पाहणी करून रक्कम रेखांकित धनादेशाने अदा करावी. त्याकामी करार व धनादेशावर सह्या करण्याचे अधिकार चेअरमन व सचिव यांना देण्यात येत आहेत.' खाली सूचक, अनुमोदक, पूर्ण नावांसह. आणि त्याखाली, आक्कांच्या पूर्ण नावासह : 'ठराव बहुमताने मंजूर. विरोध एक. पत्र्याची जाडी दरपत्रकात नमूद नसल्याने दरांची तुलना होत नाही, असे विरोधाचे कारण नोंदवावे, अशी त्यांची विनंती.'

हे 'कारण नोंदवावे' आप्पांना महत्त्वाचं वाटतं. सहकारी संस्था अधिनियमाच्या ७३व्या कलमात समितीच्या निर्णयांना सगळे सदस्य एकत्रित आणि वेगवेगळे जबाबदार धरले आहेत. नुकसान वसूल करायची वेळ आली की ८८वं कलम निघतं. तेव्हा 'मी तर विरोध केला होता' हे गावात सांगून भागत नाही, बुकात असावं लागतं. उलट, एकाने हात वर केला असताना 'सर्वानुमते मंजूर' लिहिलं, तर आप्पांच्या मते ते खोटं बोलणं नाही, खोटं लिहिणं आहे. बोललेलं विसरता येतं.

पाऊस तोंडावर म्हणून पुढची सभा बारा दिवसांतच लावली. विषय क्रमांक एक, नेहमीचा : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. आप्पांनी वाचलं. नाना म्हणाले, "आक्काची ती ओळ काढ. आपण एकोप्याची सोसायटी आहोत." आप्पांनी चष्मा पुसला. मला त्यांचा चष्मा पुसणं फार आवडतं, कारण त्यानंतर हमखास कोणाचा तरी अपमान होतो. "नाना, कायम करणं म्हणजे जे घडलं ते बरोबर लिहिलंय का, एवढंच बघायचं. काही चुकीचं लिहिलं असेल तर सांगा, दुरुस्त करतो. झालेलं नको असेल, तर ते पुसायचं नसतं. नवा ठराव करायचा असतो."

मग त्यांनी हळूच सांगितलं की कार्यादेश त्यांनी अजून दिलेला नाही. कमी दराच्या दुकानदाराला फोन करून जाडी विचारली होती. तो म्हणाला होता, "चांगला जाड आहे, साहेब." पुन्हा विचारलं, तर म्हणाला, "माझ्या घरावर हाच आहे." आप्पांनी तिन्ही दुकानांना अर्धा मिलिमीटर लिहून नवे दर मागवले होते. मधल्याचा दर आता त्रेसष्ट हजारांवर गेला होता. पहिल्याने जाडी आधीच लिहिली होती, त्याचा एकसष्ट हजार चारशे तसाच, आणि आता तोच सगळ्यात कमी. दोन हजार सहाशे पन्नास रुपयांचा फरक. त्यावर पुन्हा अर्धा तास साधकबाधक चर्चा झाली, आणि त्यात माझ्याही आजोबांचं नाव निघालं.

नवा ठराव असा सुरू होतो : 'मागील सभेतील ठराव क्र. ४ रद्द करण्यात येऊन...' जुना ठराव आपल्या जागी तसाच आहे, त्यावर रेघसुद्धा नाही. बाजूच्या समासात फक्त नव्या ठरावाचा क्रमांक लिहिलेला.

"सूचक कोण?" आप्पांनी विचारलं. आक्का म्हणाल्या, "मी."

"अनुमोदक?"

सगळे थोरल्या पाटलांकडे बघायला लागले. मागच्या वेळी उलट ठराव त्यांनीच मांडला होता. थोरल्या पाटलांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं, चहाच्या रिकाम्या कपात पाहिलं. आप्पा थांबले. साडेचार मिनिटं नाही, पण तीन तरी असतील.

"अनुमोदन," थोरले पाटील म्हणाले.

आप्पांनी वडिलांच्या नावासकट त्यांचं नाव लिहिलं, खाली 'ठराव सर्वानुमते मंजूर' लिहिलं, आडवी रेघ मारली, बुक हिरव्या फडक्यात बांधलं आणि उठता उठता म्हणाले, "आते भांडा."