कँडलराव

कोल्हापूरचा माणूस मान खाली घालून बसलेला दिसला तर पूर्वी दोनच शक्यता असायच्या. एकतर तो मिसळ खात असे, नाहीतर त्याचा मल्ल खासबागेत चीतपट झालेला असे. लॉकडाऊननंतर तिसरी शक्यता निर्माण झाली. हा माणूस बहुधा सॉफ्टवेअरवाला असतो, वय तिशीच्या आत-बाहेर, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, पाठीला लॅपटॉपची सॅक आणि उजव्या अंगठ्याला एक कायमची बारीक थरथर. आमच्या बसमधल्या या गृहस्थाला आम्ही कँडलराव म्हणतो. त्याचं खरं नाव मला ठाऊक आहे, पण तो स्वतःसुद्धा आता कँडलराव म्हटल्यावरच वळून बघतो.

मी गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत हिशेब बघते आणि कँडलरावाचं ऑफिस आमच्या अलीकडं आहे. बस सुटते नऊ-दहाला. शेअर बाजार उघडतो सव्वानऊला. या पाच मिनिटांच्या अंतरात या माणसाची सगळी शोकांतिका आहे. रात्रभरात जमलेल्या बातम्या, ऑर्डरी आणि घबराट बाजार उघडताच एकदम दारातून आत घुसतात, त्यामुळं पहिल्या अर्ध्या तासात भाव सर्वांत जास्त उड्या मारतात. जुने जाणते या वेळात नुसते बघत बसतात. आमचा राव नेमका याच वेळात राजारामपुरी ते उजळाईवाडी उभ्यानं प्रवास करत असतो, एक हात दांडीला आणि एक निफ्टीला.

एकदा कंडक्टरनं विचारलं, "कुठं?"

"चोवीस हजार आठशेच्या वर टिकला तर पंचवीस," राव म्हणाला.

"सुट्टे द्या," कंडक्टर म्हणाला.

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी सांगते. चार्टवर हिरव्या-लाल काड्या असतात, त्यांना कँडल म्हणतात. पाच मिनिटांची कँडल म्हणजे त्या पाच मिनिटांत भाव कुठं उघडला, कुठं बंद झाला, जास्तीत जास्त वर किती गेला आणि खाली किती आला, या चार आकड्यांचं चित्र. चौथ्या मिनिटापर्यंत हिरवीगार दिसणारी काडी पाचव्या मिनिटाला लाल होऊन बंद होऊ शकते. म्हणजे चालू कँडल ही माहिती नव्हेच, ते अजून तोंडात असलेलं अर्धं वाक्य. हे रावाला पाठ होतं. दुसऱ्याला समजावताना तो बोट उगारून सांगायचा, "कँडल क्लोज होईपर्यंत हात लावायचा न्हाई." आणि स्वतः नऊ अठराला हात लावून मोकळा व्हायचा, कारण नऊ वीसला बस शाहू नाक्याच्या गर्दीत असते आणि तिथं दोन्ही हात दांडीलाच लागतात.

शिवाय चार्टची एक सोय फार घातक आहे. एक मिनिटाच्या चार्टवर बाजार पडताना दिसला तर पाच मिनिटांचा लावता येतो. तिथंही पडतच असला तर पंधरा मिनिटांचा. आपल्या मनासारखा चार्ट मिळेपर्यंत राव मुदत वाढवत जायचा. एका सकाळी तो आठवड्याच्या चार्टपर्यंत गेलेला मी पाहिला. घेतलेला ऑप्शन मात्र त्याच दिवशी संपणार होता.

ऑप्शन म्हटल्यावर माझ्यातली हिशेबनीस जागी झाली. ब्रोकर रोज संध्याकाळी ईमेलवर काँट्रॅक्ट नोट पाठवतो, त्यात कुठल्या सौद्यावर काय कापलं ते सगळं असतं. रावानं ती कधीच उघडली नव्हती. मी त्याच्याकडून एक उघडून घेतली. तेव्हा निफ्टीचा एक लॉट ७५चा होता. त्यानं शंभर रुपयांना एक लॉट घेतला, म्हणजे साडेसात हजार गुंतवले, आणि दोन रुपये वाढल्यावर विकला. "दीडशे सुटले ताई, पाच मिनिटांत!" आता कापाकापी बघा. घेताना वीस आणि विकताना वीस, अशी चाळीस रुपये दलाली. विकलेल्या रकमेवर तेव्हाच्या दरानं हजाराला एक रुपया सिक्युरिटीज ट्रान्झॅक्शन टॅक्स, म्हणजे साडेसात रुपयांच्या वर. एक्स्चेंजचे पाचेक रुपये. दलाली आणि एक्स्चेंजच्या आकारावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आठ रुपये. स्टँप ड्युटीचे काही पैसे. एकूण एकसष्ट. दीडशेतले नव्वदसुद्धा पुरते उरले नाहीत, आणि हा जिंकलेला सौदा होता. हरलेल्या सौद्यातसुद्धा साठाच्या आसपास कापले जातातच, तिथं कुणी दया दाखवत नाही. असे सहा सौदे केले तर बाजार कुठंही जावो, साडेतीनशेच्या आसपास रुपये रोज ठरलेले. बसचं भाडं त्यामानानं धर्मादाय वाटावं.

वर या व्यवहाराचं उत्पन्न आयकरात धंद्याचं उत्पन्न धरतात, त्यामुळं नोकरदाराच्या साध्या विवरणपत्राऐवजी आयटीआर-३ भरावं लागतं. हे ऐकून राव पहिल्यांदा खरोखर घाबरला. तोट्याला तो कधी घाबरला नव्हता. सेबीनं जुलै २०२५ मध्ये जाहीर केलं होतं की २०२४-२५ या आर्थिक वर्षात फ्युचर्स-ऑप्शन्सच्या बाजारातले ९१ टक्के वैयक्तिक व्यवहार करणारे तोट्यात गेले. मी हे सांगितलं तर म्हणाला, "म्हंजे नऊ टक्के फायद्यात हायत की!" इंजिनिअर माणूस, वजाबाकी पक्की.

फरक पडला तो त्याच्याच धंद्यातल्या गोष्टीनं. एका सकाळी नेमका बाजार उघडताना त्याच्या हाताखालच्या पोराचा फोन आला. राव चार्टवरची नजर न हलवता त्याला झापू लागला. पोरानं असा प्रोग्रॅम लिहिला होता, की दर सेकंदाला सर्व्हरला विचारायचं, "काम झालं का? झालं का? झालं का?" राव म्हणाला, "अरे, पोलिंग कशाला करालाईस? सर्व्हरचा जीव जातोय आणि तुझाबी. काय घडलं तर त्यो सोताहून कळवंल अशी सोय कर, आणि तवर दुसरं काम कर." फोन ठेवला. अंगठा पुन्हा खाली, भाव बघितला. पुन्हा बघितला. मी काही बोलले नाही. मागच्या सीटवरची नर्सबाई मात्र म्हणाली, "तुम्ही काय करालाय मग?"

नसीम निकोलस तालेब यांच्या 'फूल्ड बाय रँडमनेस' या पुस्तकात याच रोगाचं गणित आहे. वर्षाला १५ टक्के परतावा आणि १० टक्के चढउतार असलेली चांगली गुंतवणूक घ्या. वर्षातून एकदा पाहिली तर शंभरात ९३ वेळा नफा दिसेल. महिन्याला पाहिली तर ६७ वेळा, रोज पाहिली तर ५४ आणि दर मिनिटाला पाहिली तर जेमतेम ५०. गुंतवणूक तीच, फक्त डोकावणं वाढलं की निम्म्या वेळा तोंडावर चपराक. तोट्याचं दुःख नफ्याच्या सुखापेक्षा जबर असतं, म्हणून राव शाहू नाक्यापर्यंतच थकलेला दिसायचा.

पण कळलं म्हणून सुटलं, असं असतं तर गावात तंबाखूची दुकानं उरली नसती. रावानं आधी अ‍ॅप काढून टाकलं. तेच चार्ट ब्राउझरमध्ये दिसतात हे त्याला बस सुटायच्या आत आठवलं. मग फोनचा पडदा काळा-पांढरा केला, म्हणजे लाल-हिरव्यानं जीव वरखाली व्हायला नको. दोन दिवसांत तो पोकळ आणि भरीव काड्यांवरून रंग ओळखायला शिकला. मग स्वतःच्याच उपदेशाप्रमाणं अलर्ट लावले: अमुक भाव आला की फोन वाजेल. पण इतके लावले की खिशात मधमाश्यांचं मोहोळ घेऊन फिरावं तसा फोन गुणगुणत राहिला आणि प्रत्येक गुणगुणीला राव दचकून बघायचा. ऑफिसात हाच माणूस नको ते अलर्ट बंद करण्यात वाकबगार समजला जातो म्हणे.

शेवटी दिवाळीत त्याच्या मामानं गाठलं. मामा शाहू मार्केट यार्डात गुळाचे अडत्या. पाडव्याला तिथं नव्या गुळाचे मुहूर्ताचे सौदे निघतात. त्याच्या आदल्या दिवशी, लक्ष्मीपूजनाला, शेअर बाजाराचाही एक तासाचा मुहूर्त असतो. २०२५ साली तो नेहमीसारखा संध्याकाळी नव्हता, दुपारी पावणेदोन ते पावणेतीन होता. राव जेवणाच्या ताटावर फोन ठेवून बसलेला. मामांनी विचारलं, "तुज्यात भाव किती वेळा निघतोय रं?"

"सेकंदाला निघतोय, मामा."

"आमच्यात सौद्याला येकदा निघतोय. मग रवं मोजायचं, काट्यावर घालायचं, गाडी भरायची, पट्टी करायची. तुज्यात सेकंदाला भाव निघतोय, तर माल कवा उतरून घेतोस?"

राव सांगतो, याचं उत्तर त्याला सापडलं नाही. माल नव्हताच. दुसऱ्या दिवशी बाजाराला सुट्टी होती, त्याला मामांनी पहाटे यार्डात नेलं. ढेपा फोडून, चव घेऊन, रंग बघून भाव बोलला जातो आणि एकदा ठरला की तो विषय बंद, हे त्यानं पाहिलं. येताना पाच किलो गूळ आणला. त्याच्या मते आयुष्यात पहिल्यांदा त्यानं डिलिव्हरी घेतली.

सुट्टीनंतर त्यानं ब्रोकरच्या अ‍ॅपमधला किल स्विच दाबून फ्युचर्स-ऑप्शन्सचा विभाग बंद केला. हा स्विच परत चालू करता येतो, पण लगेच नाही, काही तास थांबावं लागतं. ते काही तास पुरतात, असं तो म्हणतो, कारण हुक्की अर्ध्या तासाची असते. जे दोन-तीन शेअर्स खरंच ठेवायचे होते त्यांच्या विक्रीचे भाव आधीच ठरवून ऑर्डरी लावल्या. त्यातही मेख आहे. भाव रात्रीतून एकदम खाली उघडला तर ऑर्डर जागी होते, पण मर्यादेचा भावच न मिळाल्यानं नुसती ताटकळत बसते. म्हणून तो दुपारी साडेतीनला बाजार बंद झाल्यावर एकदा बघतो. त्या वेळी कँडल पूर्ण झालेली असते आणि कुणालाच काही करता येत नाही.

यानं बसचं भलं झालं असं समजू नका. मोकळा झालेला कँडलराव आता बोलतो. उसाच्या दरावर बोलतो, खड्ड्यांवर बोलतो, शेजारच्या पोराच्या फोनमध्ये डोकावून "ही क्लोज व्हायची हाय अजून, भावा" असं सांगतो. ते पोरगं आता पुढच्या दारानं चढतं. कंडक्टरनं मला खाजगीत विचारलं, की ह्यांचं ते जुनं येड परत लागंल असं काय न्हाई का.

मंगळवारचा मात्र भरवसा नाही. सप्टेंबर २०२५पासून निफ्टीच्या ऑप्शन्सची साप्ताहिक मुदत मंगळवारी संपते, आणि त्या दिवशी राव फोन घरी ठेवून येतो. मागच्या मंगळवारी सव्वानऊच्या सुमारास माझ्याजवळ सरकून म्हणाला, "ताई, जरा फोन द्या की. नुसता क्रिकेटचा स्कोअर बघतो."

"सकाळी सव्वानऊला कुठली मॅच?"

"ऑस्ट्रेलियात असंल की कुठलीतरी."

मी फोन पर्समध्ये टाकला आणि चेन लावून घेतली.