पारदर्शकता नको, रुपये सांगा

कर्जाची माहितीपत्रकं लिहिणाऱ्यांच्या वाक्यात माणूस येत नाही आणि पैसाही येत नाही. येतात ती फक्त ‘आकारणी’, ‘परतफेड’ आणि ‘पारदर्शकता’. फ्लॅट रेट समजावणारा हा ठरावीक मासला बघा: ‘सदर पद्धतीत व्याजाची आकारणी मूळ मुद्दलावर होत असून परतफेडीमुळे होणारी मुद्दलातील घट विचारात घेतली जात नाही.’ चूक काढून दाखवा! वाक्य शंभर टक्के खरं आहे. पहिल्यांदाच कर्ज घेणाऱ्याला मात्र त्यातून काडीचा बोध होत नाही.

आता तेच नव्याने लिहू. गिरणीवाल्या काकूंनी वर्षभरासाठी 60,000 रुपये घेतले, फ्लॅट 10 टक्क्यांनी. व्याज झालं 6,000. म्हणजे महिन्याचा हप्ता 5,500 : त्यात 5,000 मुद्दल आणि 500 व्याज. अकरा हप्ते फिटले. काकूंकडे आता बँकेचे उरले फक्त 5,000. त्यावर बाराव्या महिन्याचं व्याज किती? तेच 500. एका महिन्याला 10 टक्के! ‘घट विचारात घेतली जात नाही’ म्हणजे काय, ते काकूंना इथे कळतं आणि रागही इथेच येतो. हेच 10 टक्के दर महिन्याच्या शिल्लक रकमेवर लावले असते, तर वर्षाचं व्याज साधारण 3,300 झालं असतं. फ्लॅटचे 10 म्हणजे शिल्लक रकमेवरचे जवळजवळ 18.

उदाहरण दिलं की काम झालं, असंही नाही. काही हुशार मंडळी 1,20,000 रुपये, 12 टक्के आणि 12 महिने असं सुबक उदाहरण घेतात. मग वाचणारा विचारतो, यातला कुठला बारा टक्क्यांचा आणि कुठला महिन्यांचा? आकडे वेगवेगळे दिसतील असेच निवडावेत.

शिवाय एकाच उदाहरणावर थांबलात, तर फ्लॅट रेट म्हणजे 6,000 रुपये एवढंच लक्षात राहतं. म्हणून एकच गोष्ट बदलून दुसरं द्या. मुदत दोन वर्षं करा. हप्ता 3,000 वर येतो, काकू खूश. पण व्याज 12,000 होतं आणि शेवटच्या महिन्यात 2,500 रुपयांवर 500, म्हणजे 20 टक्के! इतकं झाल्यावर ‘मूळ मुद्दलावर आकारणी’ खुशाल म्हणा. तेव्हा त्या शब्दांमागे काहीतरी उभं असतं.

काकूंना कळलं का, हे मान डोलावण्यावरून ठरवू नका. ‘तीन वर्षं केली तर?’ असं विचारा. ‘व्याज 18,000’ असं उत्तर आलं, तर पत्रक छापा. नाही आलं, तर पुन्हा लिहा. पगार त्याचाच मिळतो.