खासगी म्हणजे कोणापासून?

कोडमध्ये पासवर्ड लिहून ठेवणाऱ्याला हटकलं की उत्तर ठरलेलं असतं: ‘अहो, रेपो प्रायव्हेट आहे!’

उबरची गोष्ट ऐका. २०१४ साली त्यांच्या एका इंजिनिअरने अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडची अ‍ॅक्सेस की गिटहबवर चक्क जाहीर टाकली. कोणीतरी ती उचलली आणि हजारो ड्रायव्हरांची नावं, लायसन्स नंबर घेऊन गेलं. आता तरी शहाणपण आलं असेल म्हणावं, तर २०१६ मध्ये पुन्हा तेच. या वेळी रेपो मात्र खासगी होता! चोरांनी इंजिनिअरांचे इतरत्र फुटलेले पासवर्ड गिटहबवर लावून पाहिले आणि काही लागले. ओटीपीसारखी दुसरी पडताळणी सक्तीची नव्हती. आत जाऊन कोड चाळला, त्यात की सापडली आणि ५ कोटी ७० लाख प्रवासी व ड्रायव्हरांची माहिती हाती आली. कंपनीने त्यांना एक लाख डॉलर दिले आणि वर्षभर अळीमिळी गुपचिळी केली. ही लपवाछपवी सुरक्षा प्रमुखांना भोवली. २०२२ मध्ये त्यांना दोषी ठरवण्यात आलं.

खासगी रेपोची प्रत टीममधल्या प्रत्येकाच्या लॅपटॉपवर असते, नोकरी सोडून गेलेल्याच्याही. खासगीपणाची व्याख्या आपल्याकडे पहिल्यापासूनच उदार आहे.

दुसरा युक्तिवाद आणखी गोड: ‘काढला ना पासवर्ड दुसऱ्या दिवशी!’ समजा सोमवारी `settings.py` मध्ये `Admin@123` गेला. मंगळवारी साहेब ओरडले म्हणून ती ओळ पुसली आणि `removed password` असा संदेश लिहून नवा कमिट केला. गिट जुनं काही फेकत नाही, ते सोमवारची फाइलही जशीच्या तशी जपून ठेवतं. चोराला एवढंच टाइप करायचं असतं:

```
git log -p --all --grep="password"
```

म्हणजे आपण पासवर्ड पुसला नाही, तो कुठे शोधायचा याची पाटी लावली.

उपाय जुना आणि साधा आहे. कोड सगळीकडे एकच. पण डेटाबेसचा पत्ता, पासवर्ड, कुणाच्या तरी सेवेची की या गोष्टी माझ्या लॅपटॉपवर वेगळ्या, टेस्टिंगला वेगळ्या, खऱ्या सर्व्हरवर वेगळ्या. त्या कोडबाहेर, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवायच्या आणि प्रोग्रॅमने सुरू होताना वाचायच्या:

```
DB_PASSWORD = os.environ["DB_PASSWORD"]
```

व्हेरिएबल नसेल तर पायथन इथेच `KeyError` देऊन थांबतं. हे थांबणं आपल्या भल्याचं आहे, पण ते आमच्या हुशार मंडळींना सोसत नाही. मग ते असं करतात:

```
os.environ.get("DB_PASSWORD", "Admin@123")
```

नाही मिळाला तर हा घ्या! पासवर्ड पुन्हा कोडमध्ये, शिवाय आधुनिक पद्धत वापरल्याचं समाधान मोफत.

`.env` फाइलचीही तीच तऱ्हा. सगळी गुपितं त्या एका फाइलीत घालतात आणि ती फाइल कोडसोबत पुश करतात. नंतर कोणी सांगितलं की `.gitignore` मध्ये तिचं नाव लिहितात आणि निवांत झोपतात. गिट एकदा ज्या फाइलीवर लक्ष ठेवू लागलं, तिच्यावर `.gitignore` चा काही परिणाम होत नाही. आधी `git rm --cached .env` करून तिला बाहेर काढावं लागतं, आणि तेही पुढच्यापुरतं. मागचा इतिहास तिथेच असतो.

व्हेरिएबल म्हणजे तिजोरी नव्हे, हेही सांगून टाकतो. प्रोग्रॅमने सुरू केलेल्या पोटप्रोग्रॅमांनाही ती सहसा आपसूक मिळतात, आणि एरर आली की सगळी व्हेरिएबल लॉगमध्ये छापणारे महाभाग आहेतच. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडला तर त्यांचा आडोसाही नाही: बिल्ड करताना त्यांची किंमत थेट फाइलीत उतरते आणि कोणीही ती वाचू शकतं.

तेव्हा एकदा रेपोत गेलेला पासवर्ड फुटला असंच धरायचं. इतिहास धुवायचा तर नंतर धुवा; आधी तो बदला. अ‍ॅमेझॉन एका युजरला एका वेळी दोन की ठेवू देतं ते याचसाठी: नवी बनवायची, सर्व्हरवर लावायची, जुनी निष्क्रिय करायची. फुटलेली असेल तर ती आधीच निष्क्रिय करा, थोडा वेळ काम अडलं तरी चालेल. मग जे जे बंद पडेल ते नीट लिहून ठेवा. रात्रीचा बॅकअप बंद, अकाउंट्सचा रिपोर्ट बंद, तीन वर्षांपूर्वीच्या कंत्राटदाराची स्क्रिप्ट बंद. ती की आणखी कुठे कुठे चिकटवली होती, याची पहिली खरी यादी तुम्हाला तेव्हाच मिळेल.